छोट्या ग्रुपसाठी: जोडीजोडीचं डबल रॅचेट की मेगोल्म?

आमच्या सात जणांच्या टीमसाठी शेवटी दोनच पर्याय उरले होते. एक, प्रत्येक निरोप प्रत्येकाच्या प्रत्येक डिव्हाइसला वेगळा, डबल रॅचेट या एन्क्रिप्शन पद्धतीने पाठवायचा. दुसरा, मॅट्रिक्स या चॅट प्रणालीतलं मेगोल्म, म्हणजे पाठवणाऱ्याची एकच चावी सगळ्या ग्रुपला. दोन्हींत चावी निरोपागणिक पुढे सरकते, मागे फिरत नाही. खरा फरक कळतो तो चावी चोरीला गेल्यावर.

माझा फोन एकदा दुरुस्तीच्या दुकानात रात्रभर राहिला, तोही पासकोडसकट. कोणी काही कॉपी केलं असेलच असं नाही, पण शंका चिकटली.

समजा कोणी केलं. बायकोशी गप्पा डबल रॅचेटवर. माझी त्या वेळची खाजगी चावी a1 चोराकडे आहे, तेव्हा माझे पुढचे निरोप तो वाचणार. तिचं उत्तर तिच्या नव्या चावीसह, b2 घेऊन येतं, तेही वाचणार, कारण a1 आहेच. पण ते उत्तर मिळताच माझा फोन कोरी a2 काढतो. a2 आणि b2 मधून निघणारं गुपित मूळ चावीत मिसळतं आणि चोराकडे या दोन्हींपैकी एकीचाही खाजगी भाग नाही. माझ्या पुढच्या निरोपापासून तो बाहेर. या पद्धतीचं जुनं नाव ॲक्सोलॉटल होतं, तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या प्राण्यावरून. अर्थात समोरून उत्तरच आलं नाही तर काही भरून येत नाही, आणि चोर मध्ये बसून निरोप बदलत असेल तर गोष्ट वेगळी.

मेगोल्मची चावी फक्त पुढे फिरते, तिच्यात नवीन काही मिसळत नाही. हाती लागली की सत्र बदलेपर्यंतचं सगळं उघडं, आणि मॅट्रिक्समध्ये सत्र बदलतं ठरावीक हिशेबाने, 100 निरोप किंवा एक आठवडा. मी चॅटमध्ये सत्र बदलायची आज्ञा `/discardsession` टाइप केली, पण त्याने फक्त माझी पाठवायची चावी बदलली. इतर सहा जणांच्या चाव्याही माझ्याच फोनमध्ये होत्या! एकेकाला फोन करून "अरे, एवढं टाइप कर" सांगत बसलो. एकाने तिसऱ्या दिवशी केलं. लॉगआउट करून नवं डिव्हाइस जोडलं असतं तर चाव्या आपोआप बदलल्या असत्या, पण मग नव्या डिव्हाइसची पडताळणी पुन्हा.

मेगोल्मच्या बाजूने एक मात्र म्हणायला हवं. सात जण, प्रत्येकी दोन डिव्हाइस, तर डबल रॅचेटवर निरोपामागे तेरा एन्क्रिप्शन होतात. आमच्या फोनना ते जाणवलं नाही. दोनशे जणांच्या ग्रुपला जाणवेल, तिथे मीही बहुधा मेगोल्मच घेईन आणि किती निरोपांनी सत्र बदलायचं हे ठरवणारं `rotation_period_msgs` बरंच खाली आणेन. टीमच्या गप्पा मात्र जोडीजोडीवर हलवल्या.