लांबडं आधी का मेळ आधी? दहा फुटी पट्ट्या तोडण्याआधी वाचा

लाकडाच्या लांब पट्टीतनं कुठले तुकडे कसे काढायचे ते ठरवायला मोबाईलवरचं अ‍ॅप वापरावं का मिस्त्री करतोय तसंच चालू द्यावं, असं दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं फर्निचरचं शेड आहे आणि मी दोन्ही पद्धती वापरल्यात, एक बारा-तेरा वर्षं आणि दुसरी अलीकडची चारेक वर्षं. कोण चूक कोण बरोबर असं काही म्हणणं नाही, फक्त कुठली कुठं अडते ते सांगतो. ब्लेड कुठलं, मशीन कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही.

मिस्त्री लोकांची पद्धत म्हणजे लांबडं आधी. आमचे मिस्त्रीमामा म्हणायचे, "लांबडं आधी तोड बाबा, बारकं कुठंबी बसतंय." सगळ्यात मोठ्या मापाचे तुकडे आधी काढायचे, मग त्याखालचं माप, आणि प्रत्येक तुकडा ज्या पहिल्या पट्टीत बसेल तिच्यातच बसवायचा. अ‍ॅपवाली पद्धत उलटी. ती तुकड्यांचा क्रम बघतच नाही, एका पट्टीत कुठली मापं एकत्र बसली तर पट्टी भरते ते आधी बघते आणि मग असे किती मेळ लावायचे ते ठरवते.

आता मामांच्या पद्धतीला अडाणी समजू नका. गणितवाल्यांनी ती तपासलीय, आणि तिनं जास्तीत जास्त किती नुकसान होऊ शकतं ते सिद्धही झालंय: सगळ्यात चांगल्या आखणीला जितक्या पट्ट्या लागतात त्याच्या 11/9 पटीच्या वर ती फारशी जात नाही, म्हणजे 6 पट्ट्यांचं काम असेल तर कितीही वाईट जमलं तरी 8 च्या पुढं नाही. डोक्यात कॅल्क्युलेटर नसताना, हातात खडू घेऊन उभ्या माणसासाठी हे लई झालं. शिवाय मशीनवर माप धरून ठेवणारा स्टॉपर एकदा लावला की त्या मापाचे सगळे तुकडे धडाधड निघतात, आणि माप चुकलं तर लांबड्याचं बारकं करता येतं, बारक्याचं लांबडं होत नाही.

मग मी बदललो का? एका कामामुळं. राजारामपुरीत एका फ्लॅटमध्ये तीन कपाटं होती, प्रत्येकाला दर्शनी कडेनं सागाची पट्टी. एका कपाटाला 58 इंचाच्या दोन उभ्या, 34 च्या दोन आडव्या आणि ड्रॉवरच्या वर-खाली 26 च्या दोन. म्हणजे तिन्ही मापं सहा-सहा. मी वखारीत गेलो तेव्हा आपण सगळे करतो तोच हिशेब केला, रनिंग फुटाचा. सगळी बेरीज 708 इंच, म्हणजे 59 फूट. दहा फुटी पट्ट्या सहा घेतल्या की 60 फूट. बास झालं की, फूटभर वरच आहे, असं म्हणून सहा उचलल्या.

दोन्ही टोकं चिरलेली असतात, अर्धा-अर्धा इंच काढला की पट्टीत 119 इंच कामाचे उरतात, आणि आमच्या ब्लेडला प्रत्येक कटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जातं. मामांनी नेहमीप्रमाणं 58 पासून सुरुवात केली. एका पट्टीत दोन बसतात, तीन पट्ट्या गेल्या, प्रत्येकीत जेमतेम पावणेतीन इंच उरले, बघायलाच छान वाटतं, वाया काहीच नाही! मग 34 चे, पट्टीला तीन, दोन पट्ट्या गेल्या आणि दोघींत साडेसोळाच्या वरचा एकेक तुकडा. शेवटच्या पट्टीत 26 चे चार बसले. आणि 26 चे दोन कमी.

खाली फरशीवर जे पडलं होतं त्याची मी चिडून बेरीज केली तर 56 इंच भरली. मला पाहिजे होते 52. पण त्यातला सगळ्यात लांब तुकडा सतरा इंचालाही थोडा कमीच, त्यातनं 26 कुठनं काढणार?

दोन तुकड्यांसाठी परत वखार, परत रिक्षावाल्याला पट्टी नेतोस का म्हणून विनवणी, अर्धा दिवस गेला. तेही चालून गेलं असतं हो. पण पहिला गठ्ठा संपलेला आणि नवी पट्टी दुसऱ्या ओंडक्याची निघाली, रंगाला फिकट. पॉलिश मारल्यावर फरक अजूनच उठून दिसायला लागला. गिऱ्हाईक भलं माणूस, काही बोललं नाही, पण घरातल्या वहिनींनी चहा देताना त्या एका कपाटाच्या ड्रॉवरकडं दोनदा बघितलं ते मला दिसलं. मटेरियल वाया जाण्यापेक्षा मला हीच गोष्ट जास्त खटकते, शेवटचा तुकडा कमी पडणं. आणि लांबडं-आधी पद्धतीत तो कमी पडणार हे शेवटची पट्टी मशीनवर चढेपर्यंत कळत नाही, कारण सुरुवातीच्या पट्ट्या तर अगदी झकास भरलेल्या असतात.

रात्री घरी येऊन वहीत मांडलं तेव्हा कळलं की सहा पट्ट्यांत काम होत होतं. 58 + 34 + 26 = 118. तीन कटांची तीन सूत धरली तरी 119 मध्ये बसतं, पाच सूत उरतात. प्रत्येक पट्टीतनं हाच मेळ, सहा वेळा, खेळ खलास. मामांनी 58 शेजारी 58 ठेवला तिथंच फसलं, कारण ती जोडी छान बसली तरी मागं राहिलेल्या 34 आणि 26 ला एकमेकांशी जुळायला काही उरलं नाही.

अ‍ॅप हे कसं ओळखतं ते समजून घेतलं तर कागदावर पण जमतं, म्हणून सांगतो. समजा एक पट्टी 12 रुपयाची. तुमच्या चालू पद्धतीत 58 चे दोन निघतात, म्हणजे एक 58 पडला 6 रुपयाला. 34 चे तीन निघतात, एक पडला 4 ला. 26 चे चार, एक पडला 3 ला. आता असा मेळ शोधा की एका पट्टीतनं 12 च्या वरचा माल निघेल. 58, 34, 26 एकेक घेतला तर 6 + 4 + 3 = 13. म्हणजे 12 च्या पट्टीतनं 13 चा माल, हा मेळ घ्यायलाच पाहिजे. तो घेतला की तुकड्यांचे भाव बदलतात, परत शोधायचं, आणि 12 च्या वर जाणारा मेळ सापडेनासा झाला की थांबायचं. हा प्रश्न 1939 मध्येच लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञानं मांडला होता, आणि भाव लावून मेळ शोधायची ही युक्ती 1961 मध्ये गिलमोर आणि गोमोरी या दोघांनी दिली, बऱ्याच कटिंगच्या सॉफ्टवेअरचा पाया तोच आहे. तीन-चार मापं असतील तर वहीत दहा मिनिटांत होतं. आठ-दहा मापं झाली की मेळ इतके होतात की हातानं नको, तिथं अ‍ॅपच.

आता अ‍ॅपची दुसरी बाजू, कारण ते पण काही देवमाणूस नाही. ब्लेडच्या जाडीचा रकाना रिकामा ठेवला तर ते 48 + 36 + 36 = 120 असला मेळ खुशाल देतं, दहा फुटात चोख. मशीनवर दोन कटांत पाव इंच गेला की शेवटचा 36 चा तुकडा पाव इंच कमी. मी एकदा खाल्लाय हा मार. म्हणून जाडी टाकायची, आणि पट्टीची लांबी 120 नाही तर टोकं काढून 119 टाकायची. आखणी छापून आली की मी एक पट्टी हातानं बेरीज करून बघतो, सुतासकट.

दुसरं म्हणजे गाठ. अ‍ॅपला पट्टी म्हणजे नुसती लांबी, पण सागाला मधेच गाठ निघते, चीर निघते. आपल्या वरच्या मेळात पाच सूत सोडले तर काही जागाच नाही, एक गाठ आली की त्या पट्टीचा मेळ मोडला. लांबडं-आधीवाला माणूस अशा वेळी गाठ बघून तिथल्या तिथं ठरवतो, हे मान्यच केलं पाहिजे. मी काय करतो, सगळ्या पट्ट्या आधी आडव्या मांडून खडूनं गाठी खुणावतो, ज्या पट्टीत गाठ आहे तिचे दोन भाग धरून अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या लांब्या टाकतो. आणि एक पट्टी जादा त्याच गठ्ठ्यातली घेतोच. लोक म्हणतात मग वाचलं काय? वाचलं हे की लागली नाही तर ती अख्खी दहा फुटी राहते, पुढच्या कामाला कशीही तोडा.

स्टॉपर सारखा हलवावा लागतो ही तक्रार पण खरी आहे, मेळ पाच-सहा प्रकारचे असतील तर जास्तच. त्यावर थोडा उपाय असा की तोडताना मामांचंच ऐकायचं. आखणी अ‍ॅपची, पण सगळ्या पट्ट्यांतनं आधी 58, मग स्टॉपर हलवून 34, मग 26. वरच्या कामात स्टॉपर तीनदाच लागला असता, म्हणजे मामांच्या इतकाच.

कापडवाल्यांनी पण विचारलं होतं. त्यांना एवढंच सांगेन की हे सगळं एका बाजूच्या मापाचं आहे. ब्लाऊज-ड्रेसमध्ये पन्हा पण आला, तुकडा फिरवायचा का नाही ते उभ्या-आडव्या धाग्यावर आणि प्रिंटच्या दिशेवर, त्याचं गणित वेगळंच. पडद्याचं काम मात्र बरंचसं आमच्यासारखं, पूर्ण पन्ह्याचे पडदे असतील तर ताग्यातनं नुसत्या लांब्याच तोडायच्या, तिथं मेळ चालतो, फक्त डिझाईन जुळवायला प्रत्येक लांबीत किती वाढवायचं ते आधी मिळवून घ्या, जसं आम्ही सूत मिळवतो.

एकाच मापाचे पन्नास तुकडे काढायचे असतील किंवा पाइनसारखा स्वस्त माल असेल तर मी अजूनही काही मांडत बसत नाही, लांबडं आधी आणि चालू. पण पॉलिशचा साग, एकाच गठ्ठ्यातला, आणि मापं तीन किंवा जास्त, असं असेल तर माझ्या मते तरी वखारीत जायच्या आधीच मेळ लावा, मशीनपाशी नको. किती पट्ट्या उचलायच्या हे तिथंच ठरतं, आणि रनिंग फुटाचा हिशेब तिथं दगा देतो.

त्या सातव्या, फिकट पट्टीतनं दोन 26 निघाल्यावर पावणेसदुसष्ट इंचाचा तुकडा उरला होता. तो शेडमध्ये दाराच्या मागं उभा आहे, टोकावर खडूनं 66¾ लिहून. नवं काम आलं की लांब्यांच्या यादीत मी तो पहिला टाकतो, आणि अजून एकाही कामाचा रंग त्याला जुळलेला नाही.