शून्यावर बसवलेला आकडा आणि अर्धाच दाखवलेला फोटो: वापरलेला कॉफी ग्राइंडर घेताना झालेली फसवणूक

वापरलेला एस्प्रेसो ग्राइंडर विकणारे लोक बर्स, म्हणजे बिया दळणाऱ्या दोन दातेरी चकत्या, एक स्थिर आणि एक फिरणारी, अचूक जुळवलेले असल्याचे दोन पुरावे हमखास देतात. पहिला म्हणजे दळण जाड-बारीक करणारी डायल बरोबर शून्यावर आली की बर्स एकमेकांना टेकल्याचा बारीक आवाज येतो, त्याचा व्हिडिओ. आणि दुसरा म्हणजे मार्करने रंगवलेला बर पूर्ण गोलाईत सारखा पुसला गेल्याचा फोटो. मला ६४ मिलिमीटरच्या सपाट बर्सचा ग्राइंडर याच दोन पुराव्यांवर, ‘अलाइनमेंट करून दिलेला’ म्हणून चढ्या भावाने विकण्यात आला. दोन्ही पुरावे खरे होते आणि तरीही ती निव्वळ धूळफेक होती. ती कशी केली गेली, हे इतर ग्राहकांना कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

शंका आली ती कपामुळे. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या ताज्या बियांची १८ ग्रॅम पूड घेऊन ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढला, तर तो १९ सेकंदांतच वाहून गेला. डायलवर दोन खुणा बारीक केल्यावर तोच शॉट चाळीस सेकंदांच्या पुढे गेला आणि पूड भरायच्या, उघड्या तळाच्या पोर्टाफिल्टरमधून एका बाजूने पिचकाऱ्या उडू लागल्या. चव मात्र दोन्ही वेळा एकाच प्रकारे बिघडलेली होती: जिभेच्या टोकाला लिंबासारखा आंबटपणा आणि घोट गिळल्यावर घशाशी कोरडा, तुरट कडवटपणा. नुसता आंबट कप म्हणजे दळण जाड आहे आणि नुसता कडू कप म्हणजे ते फार बारीक आहे, असे सर्वसाधारणपणे धरता येते. परंतु दोन्ही चवी एकाच कपात ठळकपणे येतात आणि दळण कुठल्याही बाजूला सरकवले तरी त्या जात नाहीत, तेव्हा पुडीतच जाड कण आणि भुकटी यांची भेसळ असण्याची शक्यता मोठी असते. गिरणीचे दगड एकसारखे टेकले नाहीत की पिठात कणी राहते, तसाच हा प्रकार आहे. फिल्टर कॉफीतही हेच दिसले. पाणी सुरुवातीला भराभर उतरायचे आणि शेवटी कागदाच्या तळाशी भुकटी साचून तुंबायचे.

अशी चव शिळ्या बियांमुळे किंवा पूड बास्केटमध्ये नीट न पसरल्यामुळेही येऊ शकते, हे मला मान्य आहे. विक्रेत्याने पहिले उत्तर तेच दिले. म्हणून त्याच पाकिटातल्या बिया एका मित्राच्या ग्राइंडरवर दळून आणल्या आणि माझ्याच मशीनवर, माझ्याच हाताने शॉट काढला. तो २८ सेकंदांत सरळ धारेने उतरला आणि चवही स्वच्छ आली. त्यानंतर ग्राइंडर उघडण्याखेरीज मार्ग नव्हता.

आधी शून्याविषयी. ज्याला आपण शून्य म्हणतो, ते खरे तर दोन वेगळे बिंदू असतात. रिकामा, साफ केलेला ग्राइंडर चालू ठेवून हळूहळू बारीक करत नेला की ज्या खुणेवर पहिला घासल्याचा आवाज येतो, तो स्पर्शबिंदू; तो ऐकू येताच लगेच मागे फिरावे, कारण त्यापुढे चालत्या यंत्रात धारा बोथट होतात. दुसरा बिंदू शोधताना प्लग काढून ठेवावा, बर हाताने फिरवत डायल आणखी बारीक करत न्यावी, आणि बर हाताने फिरेनासा होतो ती खूण टिपावी. माझ्या डायलची एक खूण म्हणजे २० मायक्रॉन. स्पर्शाचा आवाज शून्यावर आला, पण बर अडकला तो शून्याच्या सात खुणा खाली, म्हणजे १४० मायक्रॉन पुढे. या अंतरात बेअरिंगची थोडी ढिलाई आणि सांध्यांचा लवचीकपणाही मिसळलेला असतो, त्यामुळे ते म्हणजे नेमका तिरकेपणा नव्हे. परंतु बर्स समांतर असतील तर हे अंतर एवढे मोठे सहसा नसते. आवाज येतो तो फक्त उंच बाजू टेकल्याचा. समोरची बाजू तेव्हाही उघडीच असते.

आणि शून्याचा आकडा? तो ज्या कड्यावर छापलेला असतो, ते कडे एका बारीक स्क्रूने बसवलेले असते. स्क्रू सैल करून कडे हवे तिथे फिरवता येते. माझ्या ग्राइंडरच्या त्या स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. कड्याचे शून्य स्पर्शबिंदूवर आणून ठेवणे ही एरवी चांगली सवय आहे. तिला अलाइनमेंटचा पुरावा म्हणून विकणे ही लबाडी आहे.

फोटोतली मखलाशी अधिक हुशारीची होती. मी दोन्ही बर्सच्या बाहेरच्या सपाट कडा मार्करने रंगवल्या, प्लग काढून हाताने फिरवत स्पर्शापर्यंत आणले आणि पुन्हा उघडले. फिरणारा बर फोटोतल्यासारखाच सगळीकडे पुसला गेला होता. स्थिर बरवर मात्र एका स्क्रूच्या आसपासचा जेमतेम पाव भाग पुसला होता आणि उरलेली शाई जशीच्या तशी होती. स्थिर बर तिरका बसला असेल तर असेच होणार, कारण फिरणाऱ्या बरचा प्रत्येक भाग आळीपाळीने त्या एकाच उंच जागेवरून जातो. फिरणारा बर तिरका असता तर चित्र नेमके उलटे दिसले असते. विक्रेत्याने दोहोंपैकी देखणा दिसणारा तेवढा फोटो पाठवला होता.

हे अनवधानाने झाले असे मी मानले असते. पण स्थिर बर काढल्यावर त्याच्याखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा निघाला, आणि तोही त्याच उंच बाजूच्या स्क्रूखाली. म्हणजे दोष त्याला ठाऊक होता, त्याने दुरुस्तीचा प्रयत्न चुकीच्या बाजूने केला आणि फसल्यावर सोयीच्या बरचाच फोटो पाठवला. बसण्याच्या जागेवरची जुनी तेलकट पूड खरवडून काढली, फॉइल काढून टाकले, तरी तिरकेपणा उरलाच. मग न टेकणाऱ्या बाजूच्या दोन्ही स्क्रूंखाली सुमारे १५ मायक्रॉनच्या फॉइलचे तीन-तीन सपाट थर घातले, तेव्हा दोन्ही बर्स जवळपास पूर्ण गोलाईत पुसले जाऊ लागले. बाहेरच्या कडेशी हिशेब केला तर ही उरलेली दरी ७०-८० मायक्रॉनची होती. म्हणजे आधी डायल आठवर असताना एका बाजूला १६० आणि समोर निदान २४० मायक्रॉनची फट घेऊन मी एकच शॉट काढत होतो. आता अडकण्याचा बिंदू शून्याच्या दोनच खुणा खाली आला आहे, शॉट २९ सेकंदांत उतरतो आणि तो घशाशी येणारा कोरडेपणा गेला आहे.

विक्रेत्याला हे सगळे फोटोंसह कळवले, तेव्हा “फोटो खोटा होता का?” एवढेच विचारून त्याने हात वर केले. अलाइनमेंटपोटी घेतलेले जास्तीचे पैसे परत मिळाले नाहीत.

वापरलेला ग्राइंडर घेणाऱ्यांनी एकाच मांडणीत, सलग व्हिडिओत दोन्ही बर्स रंगवताना, जुळवताना आणि उघडताना दाखवायला सांगावे, आणि त्याच व्हिडिओत स्पर्शाची व अडकण्याची अशा दोन्ही खुणा विचाराव्यात. बरखाली फॉइल आहे का, हेही स्पष्ट विचारावे. ते असणे गैर नाही, पण सफाईसाठी बर काढला की जुळवणी पुन्हा करावी लागते. समोरासमोर व्यवहार असेल तर प्लग काढून फिरणारा बर बोटांनी धरून आडवा आणि वर-खाली हलवून पाहावा. तिथे जाणवण्याइतकी ढिलाई असेल तर दोष बेअरिंगमध्ये आहे आणि तो फॉइलने निघत नाही.