विधवेने घेतलेला दत्तक: 1956 पूर्वी आणि नंतर

जुन्या हिंदू कायद्यात विधवेने घेतलेला दत्तक मुलगा पतीच्या मृत्युदिनापासूनच घरात होता असे मानले जाई. त्यामुळे एकत्र कुटुंबातून विभक्त झालेल्या पतीची मिळकत तिच्या हातून त्याच्याकडे जाई आणि तिला केवळ पोटगी उरे, जे मला अन्यायकारक वाटते.

1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातील कलम 12 नुसार मुलाचे नाते दत्तकदिनापासून जुळते आणि आधी कोणाकडे आलेली मिळकत तो काढून घेऊ शकत नाही. समजा, पतीची स्वकष्टार्जित 12 एकर जमीन 2010 मध्ये पत्नी व मुलीला प्रत्येकी 6 एकर मिळाली आणि पत्नीने 2015 मध्ये मुलगा दत्तक घेतला. त्याला तेव्हा काहीच मिळत नाही. आई मृत्युपत्राविना वारल्यास मात्र तिच्या 6 एकरांपैकी 3 एकर त्याचे होतात.