कुकरच्या खोक्यातून निघालं भलतंच, आणि 2,189 रुपये परत मिळवायला दोन महिने गेले

धनत्रयोदशीला नवं भांडं पुजायचं म्हणून 8 ऑक्टोबर 2025 ला मी पाच लिटरचा स्टीलचा कुकर ऑनलाइन मागवला. 2,189 रुपये, यूपीआयनं, आधीच भरले. इथे नागपुरात, इतवारीच्या बाजारात त्याच कंपनीच्या तसल्याच कुकरचा भाव 2,950 सांगितला होता. "मग इतवारीतूनच का नाही आणला?" हे घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय. साडेसातशे रुपये वाचत असतील तर कोण सोडतं? आणि कुठल्या अनोळखी लिंकवरून घेतला नव्हता. आपण सगळे जिथून घेतो त्याच मोठ्या ॲपवरून घेतला होता.

खोका 12 तारखेला, रविवारी आला. सणाच्या दिवशीच उघडू म्हणून मी तो देवघराखाली ठेवून दिला. ही माझी पहिली चूक, आणि आजही तिचाच सगळ्यात जास्त राग येतो. परतीची मुदत सात दिवसांची होती, म्हणजे 19 पर्यंत. मी खोका उघडला 18 ला संध्याकाळी, पाटावर रांगोळी काढून झाल्यावर.

आत जो कुकर होता त्यावर फोटोतल्या कंपनीचं नाव नव्हतं. नावातलं एक अक्षर बदललेलं, रंग मात्र तोच, अक्षरांचं वळणही तेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हलकाच लागते हा." इंडक्शनवर ठेवला तर शेगडीनं भांडं ओळखलंच नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक बुडाला लावून पाहिलं, चिकटलं नाही. लिस्टिंगमध्ये 'इंडक्शन बेस' असं ठळक लिहिलेलं होतं. मग एक लिटरच्या बाटलीनं पाणी मोजत भरलं. चौथी बाटली पूर्ण रिकामी व्हायच्या आत कुकर काठोकाठ भरला. पाच लिटर म्हणे.

आयएसआयचा शिक्का होता, आणि त्यावरच माझ्यासारखी माणसं फसतात. खऱ्या शिक्क्यात चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी IS 2347, आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. माझ्या कुकरवर दोन्ही होते. बीआयएस केअर हे सरकारी ॲप फोनवर घेऊन त्यात परवाना तपासायच्या जागी तो क्रमांक टाकला. भलत्याच कंपनीचं नाव आलं, आणि परवाना होता प्लास्टिकच्या पाइपांचा. कुणाचा तरी क्रमांक उचलून कुकरवर ठोकला होता. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय 2021 पासून सक्तीचा आहे, कारण वाफेची झडप दगा देते तेव्हा समोर चुलीपाशी माणूस उभा असतो. क्रमांक तपासायला दोन मिनिटं लागतात. खोका आल्याच्या दिवशी तपासा, सणाची वाट पाहू नका.

त्या रात्री मी लिस्टिंग परत उघडून पाहिली. फोटोत कंपनीचं नाव, शीर्षकात कंपनीचं नाव, आणि खूप खाली तपशिलाच्या तक्त्यात ब्रँडच्या पुढे एकच शब्द: Generic, म्हणजे कुठल्याच नामवंत कंपनीचा नाही. तो तिथे पहिल्या दिवसापासून होता. पैसे भरण्याआधी मी त्याच तक्त्यात किती लिटर आणि किती वर्षांची वॉरंटी हे वाचलं होतं, म्हणजे माझं बोट त्या ओळीवरून गेलंच असणार. मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढते, आणि माझ्याच बिलात विक्रेत्याचं नाव कधी न ऐकलेलं होतं ते मला दिसलं नाही. पण एक सांगते, शीर्षकात एक नाव आणि तळाशी दुसरं लिहिणाऱ्याचा दोष माझ्या डोळ्यांवर ढकलू नका. मी वाचलं नाही हे खरं, त्यानं ते वाचलं जाऊ नये म्हणूनच तिथे टाकलं हेही तितकंच खरं.

स्क्रीनशॉट मी तेव्हाच काढून ठेवले, तारीख-वेळ दिसेल असे. चार दिवसांनी पाहिलं तर लिस्टिंगचं शीर्षक बदललेलं होतं. ते स्क्रीनशॉट नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता दुसरी चूक, आणि ही नीट वाचा. 18 च्या रात्री परतीची विनंती टाकताना कारणांची यादी आली. मी घाईत 'क्वालिटी चांगली नाही' निवडलं. 'चुकीची वस्तू मिळाली' हा पर्याय खालीच होता. फरक काय पडतो ते 21 ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दारात आलेल्या पोरानं दाखवलं. त्याच्या फोनवर मूळ लिस्टिंगचा फोटो होता आणि खाली प्रश्न: ब्रँड जुळतो का? त्यानं कुकर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, नाव वेगळं दाखवते, मला घेता नाही येत." मी म्हटलं, "अरे बाबा, नाव वेगळं आहे म्हणून तर परत करतेय!" त्याचंही बरोबर होतं. त्यानं 'नाही' दाबलं की पुढचं बटणच उघडत नव्हतं. 'क्वालिटी' म्हटलं की त्यांची यंत्रणा धरून चालते की तुम्हाला बरोबरच वस्तू मिळाली होती, आणि तुम्हीच आता दुसरी काढून देताय. म्हणजे त्यांनी पाठवलेला नकली कुकर परत देताना चोर मी ठरले. विनंती आपोआप रद्द झाली, आणि तोवर सात दिवसही उलटून गेले होते.

कस्टमर केअरला पाच फोन केले. दर वेळी नवा माणूस, नव्यानं सगळी कहाणी, आणि शेवटी "रिटर्न विंडो बंद झाली आहे". बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची तक्रार टाकली, दोन दिवसांत उत्तर आलं: व्यवहार यशस्वी. अर्थात यशस्वी! पैसे पोहोचले का एवढंच ते पाहतात, बदल्यात काय आलं ते पाहत नाहीत. क्रेडिट कार्डानं भरले असते तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही या कारणानं बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत फिरवणं, मागता आलं असतं. हजारांतली वस्तू अनोळखी विक्रेत्याकडून घ्यायची वेळ आली तर कार्ड वापरा.

मग पोलीस ठाणं. टेबलामागचे साहेब म्हणाले, हे सायबरचं आहे. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तिथे सांगितलं की माल मिळाला आहे ना, मग ही सायबर फसवणूक नाही, ग्राहक मंचात जा. पुन्हा ठाण्यात गेले तर दुसरे साहेब हसले. "दोन हजारासाठी कशाला एवढं, ताई?" रजेचा अर्धा दिवस घालवून, उन्हातून जाऊन मी हे ऐकायला गेले होते का? दोन हजार माझे आहेत, आणि असे दोन-दोन हजार तो विक्रेता किती घरांतून उचलत असेल याचा कुणी हिशोब केलाय का? नकली शिक्का ठोकलेला कुकर समोर टेबलावर होता. कुणी हात लावून पाहिला नाही. बीआयएसच्या ॲपवरून शिक्क्याच्या गैरवापराची तक्रार केली, फोटोंसह. क्रमांक मिळाला, त्यानंतर एक अक्षर आलेलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो, आणि आपण खोका बगलेत मारून फिरत राहतो.

जिथे काम झालं तो रस्ता असा. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि ईमेल साइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतं. तक्रार पोहोचल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, हे त्याच्यावर बंधन आहे. त्याच नियमांच्या सहाव्या नियमात लिहिलंय की वस्तू सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. माझ्या मते नकली वस्तूला सात दिवसांची विंडो लावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मी तसंच लिहिलं. फोनवर भांडत बसू नका, कस्टमर केअरचा माणूस यातलं काही करू शकत नाही.

23 ऑक्टोबरला मी ईमेल पाठवला. ऑर्डर क्रमांक, बिल, स्क्रीनशॉट, बीआयएस ॲपवर आलेलं भलत्या कंपनीचं नाव, पाणी मोजतानाचा व्हिडिओ, आणि पिकअप नाकारल्याचा मेसेज. शिवाय विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लेखी मागितला. खरेदीनंतर लेखी मागितला तर ॲपला तो द्यावा लागतो, हेही त्याच नियमांत आहे. पोच आली, यंत्रानं पाठवलेली. मग शुकशुकाट.

3 नोव्हेंबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. आठ दिवसांत ती 'निकाली' दिसली. कंपनीनं लिहिलं होतं: ग्राहकानं वस्तू परत केली नाही. माझा संताप अनावर झाला. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देऊ शकत नाही, हे आधीच समजून ठेवा आणि तिथे 'निकाली' दिसलं म्हणून हार मानू नका. नाकारलेल्या पिकअपचा मेसेज जोडून मी पुन्हा नोंद केली.

महिना उलटला तरी अधिकाऱ्याचं उत्तर नाही, तेव्हा 25 नोव्हेंबरला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली. वकील केला नाही, साध्या मराठीत एक पान लिहिलं: पंधरा दिवसांत 2,189 रुपये परत करा, नाहीतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करते. झेरॉक्स आणि टपाल मिळून 162 रुपये लागले. ही पोकळ धमकी नव्हती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि e-jagriti.gov.in वर घरबसल्या दाखल करता येते. मी तिथे खातं उघडून मसुदाही तयार ठेवला होता.

4 डिसेंबरला फोन आला, या वेळी आवाजात अदब होती. 'चुकीची वस्तू' या कारणानं त्यांनीच नवी पिकअप लावतो म्हटलं. मी कुकर देण्याआधी त्याचे शिक्क्यासकट फोटो काढले, त्या पोराच्या समोर खोक्यात भरतानाचा व्हिडिओ घेतला आणि पावती मागून घेतली. 9 डिसेंबरला 2,189 रुपये खात्यात आले. 162 रुपये, अर्धी रजा आणि ठाण्याच्या दोन चकरा माझ्या माझ्याकडे.

विक्रेत्याचा पत्ता मात्र त्यांनी अजून दिलेला नाही. परवा त्याच ॲपवर तोच कुकर पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव नवं होतं, भाव 2,099 होता, आणि तक्त्यात खाली तोच शब्द होता.