एक रुपयाची ट्रायल, सातशे नव्याण्णवचा मँडेट

क्रिएटरच्या पेड सबस्क्रिप्शनमधली फसवणूक बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटाला, यूपीआय पिन टाकायच्या स्क्रीनवर होऊन गेलेली असते. पैसे आठवड्यानंतर कापले जातात, म्हणून माणूस चूक त्या दिवशी शोधत बसतो. खालच्या उदाहरणातले आकडे आणि तारखा समजावण्यासाठी घेतल्या आहेत. पद्धत मात्र सर्रास वापरली जाते.

पुण्यात एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा धरा. चालू घडामोडींवर छान रील्स करणारं एक पेज तो रोज बघतो. 3 जूनला त्या पेजवर लिंक येते: फक्त 1 रुपयात 7 दिवस सगळ्या एक्सक्लुझिव्ह पोस्ट, रोजची टिपणं आणि सराव प्रश्न. लिंक दाबल्यावर यूपीआय ॲप उघडतं. वर ठळक अक्षरात 1 रुपया दिसतो, तो पिन टाकतो आणि त्याला एका बंद चॅनलमध्ये घेतलं जातं. 9 जूनला बँकेचा मेसेज येतो, पण तो ऑफर्सच्या गर्दीत न वाचता राहतो. 10 जूनला 799 रुपये जातात. आता तो पोस्ट नीट बघतो. एकूण अकरा पोस्ट आहेत, त्यातल्या नऊ इतरत्र फुकट मिळणाऱ्या पीडीएफ आहेत आणि शेवटची पोस्ट एप्रिलमधली आहे. तो रागाने चॅनल सोडतो, ॲपही काढून टाकतो आणि विषय संपला असं समजतो. 10 जुलैला पुन्हा 799 रुपये जातात. हिशेब 1,599 रुपयांवर पोचतो.

आता 3 जूनच्या स्क्रीनकडे परत जाऊ. त्याने 1 रुपयाचं पेमेंट केलं, हे खरं आहे. पण त्याच पिनने त्याने ऑटोपेचा मँडेटही मंजूर केला, म्हणजे समोरच्याला दर महिन्याला आपल्या खात्यातून पैसे काढायची परवानगी दिली. मँडेटच्या तपशिलात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि त्या तिन्ही पिन टाकण्याआधी दिसतात, फक्त बारीक अक्षरात. पहिली रक्कम. तिथे `Up to ₹799` असं असेल, तर आज किती गेले याला अर्थ नाही. दर खेपेला तेवढ्यापर्यंत काढता येतं. दुसरी वारंवारता. `Monthly` म्हणजे महिन्याला एकदा. `As Presented` असेल तर तारीख ठरलेली नाही, समोरचा मागेल तेव्हा. या शब्दाशी आम्ही कुणालाही थांबायलाच सांगतो, कारण दरमहाच्या सबस्क्रिप्शनला त्याची काहीही गरज नसते. तिसरी मुदत. सात दिवसांच्या ट्रायलसाठी मँडेटची शेवटची तारीख तीस वर्षांनंतरची दिसली, तर ट्रायल कशासाठी दिली जाते आहे ते उघड आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे दर वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. म्हणून 9 जूनचा तो मेसेज हाच अडवण्याचा शेवटचा क्षण होता.

चॅनल सोडणं, ॲप काढणं, क्रिएटरला ब्लॉक करणं, यातल्या कशानेही मँडेट रद्द होत नाही. मँडेट बँकेकडे असतो. ज्या यूपीआय ॲपवरून तो केला, तिथे `Autopay` किंवा `Mandates` नावाचा भाग असतो. त्यात जाऊन तो निवडायचा, रद्द करायचा आणि पिन टाकायचा. क्रिएटरची परवानगी लागत नाही. कार्डवर दिलेली परवानगी मात्र तिथे दिसणार नाही, ती बँकेच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून काढावी लागते. काही जण खातं रिकामं ठेवून वाट बघतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीन वेळा प्रयत्न करता येतो, आणि पुढच्या महिन्यात घरून पैसे आले की मँडेट तिथे असतोच.

मँडेट रद्द केला की पुढचे पैसे वाचतात. गेलेले परत येतात का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: तुमचा पैसा क्रिएटरच्या हातात कधी पोचतो.

यूट्यूबच्या चॅनल मेंबरशिपचं बघा. तुम्ही 3 जूनला मेंबर झालात, तर तो पैसा आधी गूगलकडे जातो. जूनची कमाई जुलैच्या 7 ते 12 तारखेच्या दरम्यान पक्की होते आणि 21 ते 26 जुलैच्या दरम्यान क्रिएटरच्या बँकेत जाते, तीही त्याची शिल्लक 100 डॉलरच्या वर असेल तर. त्यातले 30 टक्के यूट्यूब ठेवतं. म्हणजे सात आठवडे पैसा मध्यस्थाकडे असतो. या काळात रिफंड मंजूर झाला, तर तो क्रिएटरच्या पुढच्या हिशेबातून वळता करता येतो. क्रिएटरच्या खिशातून उकरून काढावा लागत नाही.

आपल्या उदाहरणातल्या पेजने मात्र स्वतःचं पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे पैसे पेजवाल्या व्यापाऱ्यापर्यंत पोचवणारी सेवा, लावलं होतं. तिथे पैसा साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत व्यापाऱ्याच्या खात्यात जमा होतो. रिफंडचं बटणही व्यापाऱ्याच्याच हातात असतं. त्याने ते दाबलं तर पाच-सात कामकाजाच्या दिवसांत पैसे मूळ खात्यात परत येतात. नाही दाबलं तर गेटवे स्वतःहून काही करत नाही. आणि कुणी वैयक्तिक यूपीआय नंबरवर पैसे मागवून व्हीआयपी ग्रुपमध्ये घेत असेल, तर पैसा त्याच क्षणी त्याचा झालेला असतो, मधे कुणीही नसतं. पैसा जितक्या लवकर क्रिएटरच्या हाती, तितका रिफंड अवघड. सबस्क्रिप्शन घेताना किमतीच्या आधी हे बघायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ॲप स्टोअरमधून घेतलेल्या सबस्क्रिप्शनचं गणित याच कारणाने उलटं आहे. आयफोनच्या ॲपमध्ये तीच मेंबरशिप महाग दिसू शकते, कारण ॲपल आपला वाटा घेतं. तो सुरुवातीला 30 टक्क्यांपर्यंत असतो. पॅट्रिऑनसारख्या, क्रिएटरला दरमहा पैसे देण्याच्या ठिकाणी क्रिएटर आयफोनवरची किंमत त्यासाठी वाढवून ठेवू शकतो, म्हणून जाणकार लोक ब्राउझरमधून पैसे भरतात. ओळखीच्या क्रिएटरसाठी ते योग्यच आहे. पण ॲपलमार्फत पैसे भरले असतील, तर रिफंडचा अर्ज `reportaproblem.apple.com` वर थेट ॲपलकडे करता येतो आणि निर्णय क्रिएटर घेत नाही. गूगल प्लेमधून घेतलं असेल, तर पहिल्या 48 तासांत गूगलकडे मागणी करणं सोपं असतं; नंतर बहुधा ॲप बनवणाऱ्याकडे जायला सांगतात. ॲपलची ट्रायल थांबवायची, तर ती संपण्याच्या किमान 24 तास आधी थांबवा, शेवटच्या संध्याकाळी नको.

पॅट्रिऑनवर थेट पैसे भरले, तर रिफंड द्यायचा की नाही हे सहसा क्रिएटर ठरवतो. तिथे आणखी एक गैरसमज होतो आणि लोक त्याला फसवणूक समजतात. ज्या क्रिएटरने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वसुलीची पद्धत ठेवली आहे आणि सामील होतानाच पैसे घेतो, त्याच्याकडे 28 तारखेला सामील झालात, तर त्या दिवशी पैसे जातात आणि चार दिवसांत 1 तारखेला पुन्हा जातात. दोन्ही वसुल्या नियमात बसतात. सामील व्हायला महिन्याची सुरुवात गाठावी, आणि असं झालंच तर क्रिएटरला नम्रपणे लिहावं. प्रामाणिक क्रिएटर बऱ्याचदा एक महिना परत करतात.

बंद केलं म्हणून उरलेल्या दिवसांचे पैसेही मिळत नाहीत. यूट्यूबवर मेंबरशिप बंद केली, तर भरलेला महिना संपेपर्यंत पोस्ट दिसतात आणि रिफंड नसतो. त्यामुळे बंद करायचं ठरलं, तर शेवटच्या तारखेची वाट बघण्यात फायदा नाही, आजच करा.

आता त्या 1,599 रुपयांचं काय? बँकेत जाऊन व्यवहार मी केलाच नाही असं सांगू नये. पिन टाकलेला आहे, नोंद निघते आणि खरी तक्रारही खोटी ठरते. तक्रार दोन मुद्द्यांवर टिकते. कबूल केलेल्या पोस्ट मिळाल्या नाहीत हा एक. त्यासाठी जाहिरातीचा, चॅनलमधल्या पोस्ट आणि त्यांच्या तारखांचा, मँडेटच्या तपशिलाचा असे स्क्रीनशॉट लागतात. म्हणूनच चॅनल सोडण्याआधी ते काढायचे, एकदा बाहेर पडलात की पुरावा आत राहतो. मग क्रिएटरला आणि गेटवेला लेखी मागणी पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीनच्या रचनांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सबस्क्रिप्शन ट्रॅप स्वतंत्रपणे नमूद आहे. बंद करायची वाट लपवणं किंवा गुंतागुंतीची करणं त्यात येतं. तक्रारीत सबस्क्रिप्शन ट्रॅप हा शब्द लिहा.

दुसरा मुद्दा 24 तास आधीच्या सूचनेचा. ती खरंच आली नसेल, तर तक्रार बँकेकडे करायची, आणि 30 दिवसांत समाधान झालं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. आपल्या उदाहरणात 9 जूनची सूचना आली होती, त्यामुळे हा मुद्दा जूनला लागू नाही. जुलैच्या वसुलीआधीचे मेसेज मात्र तपासायला हवेत.

रिफंडसाठी धडपडणाऱ्यांना आणखी एकदा लुटलं जातं, हे सगळ्यात वाईट. कमेंटमध्ये चिडून लिहिलं की थोड्या वेळात फोन येतो: कस्टमर केअरमधून बोलतोय, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, 1,599 जमा होतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. खरा रिफंड मूळ व्यवहाराच्या मार्गाने आपोआप परत येतो. तिथे पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.

नवीन सबस्क्रिप्शन घेण्याआधी पाच मिनिटं कुलूपबंद पोस्टच्या तारखा बघा. यूट्यूबवर `Members only` अशी खूण असलेले व्हिडिओ आणि पॅट्रिऑनवरच्या बंद पोस्टची शीर्षकं पैसे न भरताही सहसा दिसतात. गेल्या 60 दिवसांत किती आल्या ते मोजा आणि दोन महिन्यांच्या किमतीला त्या संख्येने भागून बघा. जिथे ही यादीच दाखवत नाहीत, तिथे पहिला महिना ऑटोपेशिवाय घेता येतो का ते विचारा. आणि वर्षाचा प्लॅन कितीही स्वस्त असला तरी निदान तीन महिने पोस्ट येताना पाहिल्यावरच घ्या.