ΔU लिहावा की ΔH? डांबरगोळीच्या ज्वलनाचे उदाहरण

यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात बॉम्ब कॅलरीमापकात डांबरगोळीचे नॅफ्थलीन जाळले, की आलेली संख्या ΔU म्हणून लिहावी की ΔH म्हणून, असा प्रश्न दरवर्षी निघतो.

०.६४१ ग्रॅम, म्हणजे ०.००५ मोल नॅफ्थलीन जळाल्यावर तापमान २.५५ अंशांनी चढले आणि उपकरणाची उष्माधारकता १०.१० किलोज्यूल प्रति अंश असेल, तर बाहेर पडलेली उष्णता २५.७६ किलोज्यूल होते. बॉम्बचे आकारमान बदलत नसल्याने काहीच कार्य होत नाही, म्हणून हे थेट ΔU आहे: प्रति मोल सुमारे −५१५१ किलोज्यूल.

ΔH साठी मात्र वायूंचे मोल मोजावे लागतात.

C₁₀H₈(s) + 12O₂(g) → 10CO₂(g) + 4H₂O(l)

Δn = १० − १२ = −२, म्हणून ΔnRT २९८ केल्विनला −५ किलोज्यूल आणि ΔH सुमारे −५१५६. पाण्याला वाफ धरले की Δn +२ होतो आणि उत्तर −५१४६ येते. ही चूक वहीत हमखास सापडते.

खरे तर ०.०१ अंशाची वाचनचूकच सुमारे २० किलोज्यूल खाते, तेव्हा पाचाची दुरुस्ती त्यात बुडते. तरीही तक्त्यातील मूल्ये ΔH ची असल्याने तुलनेसाठी मी रूपांतर करतोच. मे महिन्यात बाहेरची उष्णता पाण्यात शिरते, म्हणून ज्वलनापूर्वीचा आणि नंतरचा तापमानाचा कल आलेखावर काढावा. बॉम्बमध्ये काजळी दिसली, तर ज्वलन अपुरे झाले. दोन्ही आकडे टाकून द्यावेत.