पेटीवरचे ९००० ल्युमेन्स, पडद्यावरचे २५ लक्स

गिरगावातील आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात अंगणातल्या रंगमंचामागे यंदा कापडी देखाव्याऐवजी प्रोजेक्टरवरची चित्रे दाखवावीत, असे ठरले आणि खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली. एका विक्रेत्याने ११,५०० रुपयांत ‘९००० ल्युमेन्स’चा प्रोजेक्टर देऊ केला. ल्युमेन्स म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. पेटीवर तोच आकडा ठळक छापलेला होता. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याने साडेपाच फुटांवरून चार फूट रुंदीचे चित्र दाखवले, ते खरोखरच लख्ख होते. मी मंडळाचे पैसे मोबाईलवरून लगेच दिले आणि पक्क्या बिलाऐवजी साध्या चिठ्ठीवर समाधान मानले.

फसवणूक त्या खोलीतच झाली होती, हे मला उत्सवाच्या तीन दिवस आधी रंगीत तालमीत कळले. चार फुटांचे चित्र बारा फुटांचे केले की रुंदी तिप्पट होते, पण उंचीही तिप्पट होत असल्याने तोच प्रकाश नऊपट क्षेत्रावर पसरतो आणि तेज एक नवमांश उरते. आमच्या पडद्यावर चित्राच्या जागी नुसता करडा डाग दिसत होता. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन्स; समोरच्या दोन फ्लडलाइटचा सुमारे ६० लक्स प्रकाश पडद्यावर सांडत होता, आणि प्रोजेक्टर काळा रंग ‘टाकू’ शकत नाही; जिथे तो काही टाकत नाही, तिथे पडद्यावर आधीच पडलेला प्रकाशच काळा म्हणून दिसतो. त्यामुळे आमचा काळा ६० लक्सचा आणि पांढरा जेमतेम ८५ लक्सचा होता, मग चित्र उठणार कसे?

चाळीतल्या एका छायाचित्रकाराकडे लक्समापक होता. आम्ही खोली अंधारी केली, चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असे कोरे पांढरे चित्र भिंतीवर टाकले, त्याचे नऊ समान चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर मोजणी केली आणि भिंग झाकून येणारा आकडा त्यातून वजा केला. सरासरी २२० लक्स आली. चित्राचे क्षेत्रफळ ०.८४ चौरस मीटर, म्हणजे गुणाकार सुमारे १८५ ल्युमेन्स. एएनएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे ल्युमेन्स मोजण्याची पद्धत मुळात हीच, नऊ ठिकाणच्या सरासरीची आहे. ९००० च्या जागी १८५! हाच प्रकाश आमच्या बारा फुटी चित्राच्या साडेसात चौरस मीटरवर पसरला की २५ लक्सच उरतात. पेटीवरच्या आकड्यापुढे ‘एएनएसआय’ हा शब्द नव्हता, हे मी पाहिलेच नव्हते. यंत्रामागच्या पट्टीवर ६० वॅट लिहिले होते, तेही वाचले नव्हते. तेवढ्या विजेत एलईडीचा सगळा प्रकाश जसाच्या तसा बाहेर पडला तरी ९००० ल्युमेन्स मिळणे कठीण, आणि त्यातला बराचसा तर चित्र घडवणाऱ्या आतल्या काचपट्टीतच अडतो.

अंतराबाबतही विक्रेत्याने ‘कुठेही ठेवा’ असे सांगितले होते. या यंत्राला चित्राच्या रुंदीच्या १.३५ पट अंतर लागते, म्हणजे बारा फुटांसाठी सोळा फूट. तिथे ते प्रेक्षकांत येते आणि नाचणाऱ्या मुलांच्या सावल्या पडद्यावर पडतात. मंचामागे जेमतेम सहा फूट जागा असल्याने मागून चित्र टाकण्याचा मार्गही बंद होता, त्यासाठी ०.५ पट अंतर पुरणारे शॉर्ट थ्रो यंत्र लागते. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून टाकले तर सावल्या कमी होतात, पण चित्र वाकडे येते आणि ते यंत्रातूनच सरळ केले की त्याच्या कडा कापल्या जाऊन प्रकाश आणखी घटतो.

विक्रेत्याने यंत्र परत घेतले नाही. ‘मंच आधी सांगायला हवा होता’ असे तो म्हणाला, वास्तविक मंचाची रुंदी मी पहिल्याच भेटीत सांगितली होती. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आम्ही तक्रार नोंदवली, पण पक्के बिल नसल्याने आमची बाजू दुबळी पडली.

वेळ उरला नव्हता, म्हणून लोहार चाळीतून तीन मीटर रुंदीच्या दोन फेअरी लाइट माळांच्या पडद्यांची खरेदी केली. काळ्या कापडापुढे ते दाटीने एकत्र टांगले आणि त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर पांढरी जाळी सोडली, त्यामुळे दिव्यांचे टोचणारे ठिपके मऊ झाले. माळांचा प्रकाश थेट डोळ्यांकडे येत असल्याने फ्लडलाइटने तो चित्रासारखा विझत नाही. तरीही आम्ही फ्लडलाइट बाजूंना नेऊन तिरके केले, कलाकारांना माळांपासून तीन फूट पुढे उभे केले आणि लुकलुकणे बंद ठेवून मंद, स्थिर प्रकाश निवडला, कारण पूर्ण तेजावर मुलांचे चेहरे काळवंडलेले दिसत होते.

पुढच्या वर्षी प्रोजेक्टर भाड्याने आणायचा ठरला, तर तो किमान ४००० एएनएसआय ल्युमेन्सचा असेल आणि पैसे देण्यापूर्वी आमच्याच मंचावर, सगळे दिवे लावून, पूर्ण बारा फूट रुंदीवर पाहिला जाईल. जुने यंत्र आता चाळीच्या कपाटात आहे, पेटीसकट.